चावी तुटत नाही, मग पुली का हलते? शिअर आणि क्रशिंगचा हिशोब नीट करूया

डहाणू-तलासरी भागात भात हे खरिपाचं मुख्य पीक. कापणी-झोडणी उरकली की गावोगावच्या भातगिरण्या दिवसभर चालतात. यातल्या हलर पद्धतीच्या गिरणीत मोटर, पट्टा, पुली आणि शाफ्ट अशी सरळ रचना असते. पुलीचा जोर शाफ्टला देते ती एक छोटी लोखंडी चावी, म्हणजे की. ऐन हंगामात पुली डुगडुगायला लागली की गिरणी बंद, आणि भाताची पोती घेऊन आलेली माणसं ताटकळतात. अशा वेळी चावी काढून बघितली तर बहुतेकदा ती अखंड असते. खराब झालेली असते ती पुलीच्या हबमधली खाच. असं का होतं, ते आज आकड्यांतून बघू.

आधी दोन बिघाड वेगळे ओळखायला शिका. पहिला शिअर, म्हणजे कातर. चावी अर्धी शाफ्टच्या खाचेत आणि अर्धी हबच्या खाचेत बसते. दोन्हीकडून उलट दिशेने जोर आला की ती शाफ्टच्या पृष्ठभागाच्या पातळीवर कातरते. काढल्यावर तिच्या कुशीवर बरोबर त्या रेषेत पायरी दिसते. दुसरा क्रशिंग, म्हणजे चेचणं. चावीची बाजू खाचेच्या भिंतीवर दाबते आणि जे मऊ किंवा कमकुवत असेल ते दबतं. यात खाच एका बाजूने रुंद होते, कडा गोल होतात, लालसर पूड दिसते आणि मोटर चालू करताना ‘टक’ असा आवाज येतो.

आता उदाहरण. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, पण गिरणीच्या मापाचेच आहेत. मोटर ७.५ किलोवॅट (१० एचपी), शाफ्ट ६०० आरपीएमने फिरतो, व्यास ४० मिमी. चावी साध्या पोलादाची, दोन्ही टोकं गोल, लांबी ५० मिमी. पुली बिडाची, एफजी २०० प्रतीची. या व्यासाला आयएस २०४८ प्रमाणे चावी १२ मिमी रुंद आणि ८ मिमी उंच येते. खाच शाफ्टमध्ये ५ मिमी आणि हबमध्ये ३.३ मिमी खोल.

```
T = 9550 × P / n = 9550 × 7.5 / 600 ≈ 119.4 N·m
F = T / (d/2)    = 119.4 / 0.020     ≈ 5970 N
```

बहुतेक पाठ्यपुस्तकांत पुढची पायरी अशी असते:

```
शिअर:    F / (b × L)   = 5970 / (12 × 50) ≈ 10 MPa
क्रशिंग:  F / (h/2 × L) = 5970 / (4 × 50)  ≈ 30 MPa
```

परीक्षेत इथे उत्तर संपतं. पण मोटर सुरू होतानाचा झटका आणि हलरमध्ये खडा अडकला तर येणारा धक्का धरायला हवा. त्यासाठी २.५ चा गुणक घेऊ. शिअर २५ आणि क्रशिंग ७५ मेगापास्कल होतं. साध्या पोलादाची यील्ड ताकद साधारण २५० मेगापास्कल, म्हणजे शिअरमध्ये ती निम्मी धरली तरी १२५. बिडासाठी त्याच्या ताणशक्तीच्या निम्मा दाब चालेल असं धरू, म्हणजे १००. दोन्ही तपासण्या पास. मग पुली हलते का?

कारण h/2 हा आकडा प्रत्यक्षात कुठेच नसतो. चावी ८ मिमी उंच आहे आणि शाफ्टमध्ये ५ मिमी गेली आहे, म्हणजे हबमध्ये उरते फक्त ३ मिमी. हबची खाच ३.३ मिमी आहे, कारण वर ०.३ मिमी मोकळी जागा ठेवायची असते. वर चावीच्या कडांना सुमारे अर्धा मिमीचा चॅम्फर असतो, तेवढी उंची दाब घेत नाही. म्हणजे हबशी खरा संपर्क साधारण २.५ मिमी. लांबीचंही तसंच. टोकं गोल असली की सरळ भिंत उरते ५० − १२ = ३८ मिमी. आता पुन्हा करा:

```
शिअर:    5970 / (12 × 38)  ≈ 13 MPa, धक्क्यासह ≈ 33
क्रशिंग:  5970 / (2.5 × 38) ≈ 63 MPa, धक्क्यासह ≈ 157
```

शिअर अजूनही १२५ च्या खूप आत, पण क्रशिंग १०० च्या पार. तीच चावी, तीच पुली, फक्त संपर्काचं खरं क्षेत्र मोजलं. शिवाय शाफ्टच्या बाजूला संपर्क ४.५ मिमी आहे आणि पोलाद बिडापेक्षा सोसणारं आहे. हबची बाजू उथळही आणि कमकुवतही. म्हणून चेचण्याची तपासणी तीन ठिकाणी करायची: शाफ्ट, चावी, हब. आणि सर्वांत कमकुवत जागेवर निर्णय घ्यायचा.

इथे एक नेहमीचा उपाय उलटा पडतो. पुली हलायला लागली की कडक पोलादाची चावी घडवून बसवतात. चावी आणखी मजबूत झाली, पण बिडाची भिंत होती तिथेच आहे. चावी स्वस्त आणि बदलायला सोपी असते, पुली तशी नसते. पट्टा जास्त आवळण्याचंही तेच. मोकळा पट्टा धक्क्याला घसरून थोडा झटका गिळतो, आवळलेला पट्टा तो थेट चावीपर्यंत पोचवतो.

मग करायचं काय? लांबी वाढवून बघा. धक्क्यासह जोर सुमारे १४,९०० न्यूटन, त्याला १०० मेगापास्कलने आणि २.५ मिमीने भागलं की ६० मिमी सरळ लांबी लागते. गोल टोकांसह चावी ७२ मिमीची होईल. पण जोर लांबीभर सारखा वाटला जात नाही, जिथून टॉर्क आत येतो त्या टोकाला जास्त येतो. म्हणून साधारण १.३ पट व्यासापलीकडची लांबी (इथे ५२ मिमी) फारशी कामाला येत नाही.

व्यास ५० मिमी केला तर चावी १४ × ९ येते, शाफ्टमधली खाच ५.५ मिमी. जोर ४,७८० न्यूटनवर उतरतो आणि हबशी संपर्क ३ मिमी होतो. धक्क्यासह ४० मिमी सरळ लांबी पुरते, म्हणजे ५४ मिमीची चावी, जी आता १.३ पट व्यासाच्या (६५ मिमी) आत बसते. शाफ्ट बदलायचा नसेल तर पुली एसजी आयर्नची घ्या. त्याच्या ४००/१५ प्रतीची यील्ड ताकद २५० च्या आसपास असते, त्यामुळे १५७ चा दाब तिथे चालून जातो.

या हिशोबाच्या मर्यादाही माहीत असू द्या. हबवर जोर शाफ्टच्या पृष्ठभागापेक्षा किंचित बाहेर लागतो, त्यामुळे d/2 ने काढलेला आकडा थोडा जास्तच येतो. हब शाफ्टवर घट्ट दाबून बसवला असेल तर काही टॉर्क घर्षणानेच जातो. उलट चावी खाचेत बाजूने सैल असेल तर ती तिरपी होते, भिंतीला फक्त कोपऱ्यांवर टेकते आणि खरा दाब आपल्या आकड्याच्या बराच वर जातो. एकसमान दाबाचं गृहीतक तिथे मोडतं.

म्हणून संशोधनात या जोडाचं मॉडेल करायला बसाल, तर आधी एक साधी चाचणी करा. चावीच्या दोन्ही बाजूंना प्रशियन ब्लूचा पातळ थर लावा, जोड बसवा, हाताने थोडा टॉर्क द्या आणि उघडून बघा. रंग जेवढा खाचेच्या भिंतीवर उतरला, तेवढंच तुमचं क्षेत्र. सूत्रात L × h/2 लिहिण्याआधी ते मोजा.