लॅपटॉप कंपनीचा, रात्र शनिवारची

शनिवारी रात्री पावणेदहाला माझ्या फोनवर सूचना आली. चाकणजवळच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी तेव्हा आयटी सांभाळत होतो. खरेदी विभागातल्या एका लॅपटॉपवर setup.exe नावाची फाइल चालली होती आणि पाठोपाठ तिने ब्राउझरच्या फोल्डरमधल्या Login Data या फाइलला हात घातला होता. ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असं क्रोम विचारतं आणि आपण हो म्हणतो, तेव्हा ते पासवर्ड या फाइलमध्ये जाऊन बसतात. ही फाइल वाचायची ती ब्राउझरने. दुसरा एखादा अनोळखी प्रोग्रॅम ती वाचू लागला, की चोर घरात शिरला असंच समजायचं.

मी तो लॅपटॉप दुरूनच नेटवर्कपासून तोडला आणि त्या सहकाऱ्यांना फोन लावला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, मुलाला शाळेच्या प्रोजेक्टचा व्हिडिओ एडिट करायचा होता. त्याने काहीतरी डाउनलोड केलंय वाटतं.” मुलगा नववीत. पैसे भरून घ्यायच्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत त्याने शोधून काढली होती. अशा प्रतींच्या पोटात पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम दडवलेला असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

पासवर्ड बदलून टाकले की झालं, असं पुष्कळांना वाटतं. तेवढ्याने भागत नाही. आपण एकदा लॉगिन केलं की ती वेबसाइट आपल्या ब्राउझरला एक खूणचिठ्ठी देते, तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी चिठ्ठी दाखवली की पासवर्ड नको, ओटीपी नको, सरळ आत. चोराने ही चिठ्ठीच उचलली, तर पासवर्ड बदलूनही जुनी चिठ्ठी चालत राहू शकते. म्हणून त्या रात्री आम्ही आधी त्या खात्याची सगळी लॉगिन एकदम रद्द केली, मग पासवर्ड बदलले, आणि मागच्या काही तासांत त्या खात्यातून कोण, कुठून आत आलं याच्या नोंदी तपासल्या. लॅपटॉप सोमवारी ताब्यात घेतला आणि पुसून नव्याने भरला.

पुसण्याआधी तपासताना दोन गोष्टी सापडल्या. पहिली आमची स्वतःची चूक होती. त्या लॅपटॉपला मार्चमध्ये एका कामापुरते अॅडमिन राइट्स दिले होते, म्हणजे हवं ते सॉफ्टवेअर टाकायची मुभा. काम संपलं, मुभा तशीच राहिली. दुसरी गोष्ट अशी, की क्रोममध्ये त्यांचं घरचं गूगल खातं सुरू होतं आणि सिंकही चालू होतं. त्यामुळे कंपनीच्या पोर्टलचे पासवर्ड घरच्या खात्यात जाऊन बसले होते आणि ते खातं ज्या ज्या फोनवर होतं, तिथेही पोचले होते.

सिस्कोसारख्या नेटवर्कच्या धंद्यातल्या कंपनीलाही २०२२मध्ये याच वाटेने फटका बसला. हल्लेखोराने एका कर्मचाऱ्याचं खाजगी गूगल खातं मिळवलं. त्या कर्मचाऱ्याच्या ब्राउझरमधले कंपनीचे पासवर्ड सिंक होऊन त्या खात्यात आलेलेच होते. मग खोटे फोन करून आणि मंजुरीच्या सूचना पुन्हा पुन्हा पाठवून त्याच्याकडून लॉगिन मंजूर करून घेतलं. कंपनीने हे सगळं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतःच जाहीर केलं.

आता सगळ्यांना पत्र पाठवायचं होतं. विभागाच्या मॅनेजरांनी पहिला मसुदा लिहिला: “काही कर्मचारी कंपनीच्या लॅपटॉपचा गैरवापर करत असल्याचे निदर्शनास आले आहे. लॅपटॉप केवळ कार्यालयीन कामासाठीच वापरावा, अन्यथा कठोर कारवाई करण्यात येईल.” हे पत्र चुकीचं होतं आणि मी ते मॅनेजरांना स्पष्ट सांगितलं. चूक एकाची झाली होती, ‘काही कर्मचारी’ म्हटल्यावर सगळ्यांवरच संशय येतो. नेमकं काय घडलं हे त्यात नाही, मग काय टाळायचं हे वाचणाऱ्याला कळणार कसं? आणि ‘केवळ कार्यालयीन कामासाठी’ हा नियम तिथे कोणीच पाळत नव्हतं, मीसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत रेल्वेचं तिकीट काढणारा माणूस असा नियम वाचतो आणि उरलेले नियमही तितकेच हलके धरतो.

धमकीचा तोटा तर पैशात मोजण्यासारखा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. कारवाईच्या भीतीने माणूस रविवारभर गप्प बसला, तर चोराला पूर्ण दिवस मिळतो आणि कंपनीला कळतं ते सोमवारी सकाळी.

शेवटी आम्ही असं लिहिलं:

“गेल्या शनिवारी आपल्या एका लॅपटॉपवर विनापरवाना सॉफ्टवेअर चालवलं गेलं आणि त्यातून पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आला. तो थांबवला आहे. पुरवठादारांची माहिती बाहेर गेल्याचं आढळलेलं नाही. संबंधितांशी बोलणं झालं आहे. त्या लॅपटॉपला जादा मुभा राहून गेली होती, ही आयटी विभागाची चूक होती. ती सुधारली आहे.

रुजू होताना आपण सह्या केलेल्या नियमांची आठवण देत आहोत. लॅपटॉप घरातल्या कोणालाही, पाच मिनिटांसाठीही देऊ नये. सॉफ्टवेअर आयटी विभागाकडूनच घ्यावं. ब्राउझरमध्ये घरच्या खात्याचं सिंक चालू ठेवू नये. तिकीट काढणं, बँकेचं काम करणं अशा किरकोळ खाजगी वापराला हरकत नाही.

लॅपटॉपवर कोणते प्रोग्रॅम चालतात, कोणत्या साइट उघडतात आणि कोणता पेनड्राइव्ह लागतो याची नोंद होते. आपले खाजगी मेल आम्ही वाचत नाही.

चुकून काही उघडलं गेलं, तर वायफाय बंद करावं, लॅपटॉप मात्र चालूच ठेवावा, आणि लगेच फोन करावा, कितीही वाजले असले तरी. पहिली चूक तासाभरात स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही.”

लॅपटॉप चालू ठेवायला सांगितलं, कारण चोर प्रोग्रॅमच्या बऱ्याच खुणा मेमरीत असतात आणि मशीन बंद केलं की त्या पुसल्या जातात. शेवटच्या वाक्यावर मॅनेजर आणि एचआर यांच्यात दोन दिवस चर्चा चालली. मी हटलो नाही.

पाठवण्याआधी पत्र त्या सहकाऱ्यांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि ‘कुटुंबातील अल्पवयीन सदस्याने’ या शब्दांवर बोट ठेवलं. तेव्हाच्या मसुद्यात ते होते. “सर, एवढं काढाल का? आमच्या टीममध्ये अकराजण. शाळेतली मुलं दोघांनाच आहेत.” मला ते सुचलंच नव्हतं. शब्द काढले, आणि पत्र खरेदी विभागापुरतं न पाठवता कार्यालयातल्या सगळ्यांना एकाच वेळी पाठवलं.

बुधवारी पत्र गेलं. गुरुवारी सकाळी अकाउंट्समधल्या मॅडम लॅपटॉप आणि चार्जर घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. “माझ्या क्रोमला पण घरचंच खातं लावलेलं आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या मिस्टरांच्या फोनवर आपले पासवर्ड गेले असतील का हो?” गेले होते. पंचवीस मिनिटं बसून आम्ही खातं काढलं, सिंक झालेले पासवर्ड पुसले, पोर्टलचे नवे पासवर्ड टाकले. त्या उठल्या तेव्हा दारात आणखी दोघं आपापले लॅपटॉप घेऊन उभे होते.