‘अ. ब. क.’च्या जागी स्वतःचं नाव

मराठीच्या पेपरात पत्र लिहिताना खाली ‘अ. ब. क.’ लिहायची सवय आपल्यापैकी अनेकांना होती. पेपर तपासणाऱ्याला मुलाची ओळख कळू नये, म्हणून तसं सांगितलं जाई. त्या पत्रांत आपण रोपं मागवली, ग्रंथालयाकडे पुस्तकं मागितली, सहलीची परवानगी मागितली. पण घटक चाचणीत कॉपी केली आणि ती कबूल करून मुख्याध्यापकांकडे फेरचाचणी मागायची आहे, असं पत्र लिहायची वेळ आली, तर नमुन्याच्या पुस्तकातलं काहीच उपयोगी पडत नाही. या पत्राखाली स्वतःचंच नाव लिहावं लागतं.

एक उदाहरण धरून चालू. दहावीच्या एका मुलीची बीजगणिताची पहिली घटक चाचणी आहे, २० गुणांची. क्रेमरच्या पद्धतीने समीकरणं सोडवायचा तीन गुणांचा प्रश्न तिला येत नाही. शेजारच्या बाकावरची वही दिसते आणि ती चारही ओळी जशाच्या तशा उतरवून काढते. कुणाच्या लक्षात येत नाही. पेपर हातात येतो तेव्हा त्या प्रश्नाला तीनपैकी तीन असतात. एकूण १५.

आठवडाभराने ती पत्र लिहायला बसते. पहिल्या कच्च्या पत्रात बहुतेक मुलं लिहितील तेच तिच्याकडून लिहिलं जातं: ‘माझ्याकडून नकळत चूक झाली. त्या दिवशी माझी तब्येत बरी नव्हती. कृपया मला एक संधी द्यावी, नाहीतर माझे नुकसान होईल.’

या तीन वाक्यांत अडचण कुठे आहे ते नीट पाहायला हवं. ‘माझ्याकडून चूक झाली’ हे शुद्ध मराठी आहे, पण त्यात चूक पाऊस पडावा तशी आपोआप होते. ‘मी कॉपी केली’ म्हटलं की करणारी समोर येते. आपली भाषा ‘झालं’ आणि ‘केलं’ यांत फार स्पष्ट फरक करते, आणि कबुलीचा सगळा भार त्या एका क्रियापदावर असतो. ‘नकळत’ हा शब्द तर इथे टिकतच नाही, कारण चार ओळी नकळत उतरवता येत नाहीत. तब्येतीचं कारण खरं असलं तरी ते कबुलीच्या पाठोपाठ आलं की वाचणाऱ्याला सबब वाटतं. आणि ‘नुकसान होईल’ म्हटल्यावर पत्र गुणांसाठी लिहिलंय, असाच अर्थ निघतो.

अशा पत्राचा एक मोठा दाखला आपल्याकडे आहे. गांधीजींनी आत्मकथेत सांगितलं आहे, की पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला आणि मग वडिलांना चिठ्ठी लिहून ते कबूल केलं. तोंडाने सांगायचं धाडस होत नव्हतं, म्हणून लिहून दिलं. त्या चिठ्ठीत चोरीची कबुली होती, योग्य ती शिक्षा मागितली होती, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनंती होती आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. या चिठ्ठीतला क्रम शिकण्यासारखा आहे. आधी कृत्य, मग शिक्षेची मागणी. माफीवर हक्क सांगितलेला नाही.

शाळेच्या पत्रात आणखी एक गोष्ट लागते: नेमकेपणा. कोणत्या दिवशी, कोणत्या विषयात, कितव्या प्रश्नात, किती उतरवलं. ‘मी पेपरात कॉपी केली’ एवढंच लिहिलं तर शिक्षकांना सगळाच पेपर संशयास्पद वाटेल आणि त्यांना चौकशी करावी लागेल. आपल्या मुलीचं दुसरं पत्र असं होईल:

दिनांक : १२ ऑगस्ट

प्रति,
मा. मुख्याध्यापक
(मार्फत : वर्गशिक्षक, इयत्ता दहावी ‘ब’)

विषय : बीजगणिताच्या घटक चाचणीत कॉपी केल्याची कबुली व फेरचाचणीची विनंती

महोदय,
१ ऑगस्टच्या बीजगणिताच्या घटक चाचणीत प्रश्न ३ चे उत्तर मी शेजारच्या विद्यार्थिनीच्या वहीतून पाहून लिहिले. तिला याची कल्पना नव्हती. बाकीचे प्रश्न मी स्वतः सोडवले आहेत.

त्या प्रश्नाचे मला मिळालेले ३ गुण कमी करावेत, ही विनंती. शाळेच्या नियमाप्रमाणे जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे.

निश्चयक काढताना वजा चिन्ह कुठे घ्यायचे, हे मला समजलेले नव्हते. ते मी आता शिकत आहे. आपल्याला योग्य वाटल्यास वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर माझी फेरचाचणी घ्यावी. तिचे गुण धरायचे की नाही, हे आपण ठरवावे. हे पत्र माझ्या आईने वाचले आहे.

आपली विद्यार्थिनी,
(स्वतःचे नाव, हजेरी क्रमांक, पालकांची सही)

शेजारणीबद्दल एकच वाक्य आहे आणि ते खरं असेल तरच लिहायचं. तिने मुद्दाम वही सरकवली असेल, तर ‘तिला कल्पना नव्हती’ हे दुसरं खोटं होईल. अशा वेळी तिचं नाव न घालता ‘पाहून लिहिले’ एवढ्यावर थांबावं. दुसऱ्याची कबुली आपण देऊ नये. मुख्याध्यापकांनी विचारलं तर मात्र खोटं बोलायचं नाही.

पत्रातलं वजा चिन्हाचं वाक्य शिक्षकांच्या सगळ्यात कामाचं आहे. समीकरणं 4x + 3y = 6 आणि 2x − 5y = 16 अशी होती असं समजा. निश्चयक D म्हणजे 4 × (−5) वजा 3 × 2, अर्थात −20 − 6 = −26. इथे पहिल्या गुणाकारातली वजाबाकीची खूण आणि सूत्रातलं वजा एकमेकांत मिसळतं आणि मुलं −20 + 6 = −14 लिहून बसतात. घटक चाचणी घ्यायची ती असं अडलेलं ठिकाण सापडावं म्हणून. वर्गातल्या दहा जणांनी −14 लिहिलं, तर बाई दुसऱ्या दिवशी तो भाग पुन्हा शिकवतात. उतरवलेलं −26 त्यांना सांगतं, हिला येतंय, पुढे चला. म्हणून कॉपीचा पहिला तोटा कॉपी करणाऱ्यालाच होतो, आणि तो बोर्डाच्या पेपरापर्यंत लपून राहतो.

फेरचाचणी मिळेलच असं नाही. मंडळाच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे, पण घटक चाचणी ही शाळेची अंतर्गत बाब असते, त्यामुळे निर्णय शाळेतच होतो. मुख्याध्यापक गुण कमी करतील, फेरचाचणी नाकारतील किंवा घेऊन तिचे गुण धरणार नाहीत. वर्गातल्या ज्यांनी कॉपी न करता १२ मिळवले त्यांना दुसरी संधी मिळालेली नाही, हेही त्यांना पाहावं लागतं. म्हणून पत्रात निर्णय त्यांच्यावर सोडलेला बरा. फेरचाचणी झालीच, तर पद्धत तीच आणि आकडे वेगळे हवेत, नाहीतर पाठ केलेल्या ओळीच पुन्हा उमटतील.

समजा ती चाचणी झाली. नव्या पेपरात निश्चयकाच्या ओळीत तिने आधी अधिक लिहिलं, मग ते खोडून वजा केलं. उत्तर काढल्यावर x आणि y च्या किमती समीकरणात घालून पडताळाही पाहिला. त्या खाडाखोडीवर बाईंची नजर पडेल तेव्हा तिला नेमकं काय समजलं, हे त्यांना पहिल्यांदाच तिच्या अक्षरात दिसेल.