टीव्हीवर बातम्यांचं पान कोरं का राहतं?

स्मार्ट टीव्हीतल्या ब्राउझरवर वर्तमानपत्राचं संकेतस्थळ उघडून बातम्या वाचता येतात. मोबाइलच्या छोट्या पडद्याने डोळे शिणणाऱ्या ज्येष्ठांना ही सोय हवीहवीशी वाटते. पण फोनवर क्षणात उघडणारं पान टीव्हीवर अनेकदा नीट दिसत नाही. कधी अक्षरं बारीक दिसतात, कधी मांडणी विस्कटते, तर कधी पान कोरंच राहतं. यातल्या पहिल्या अडचणीवर घरच्या घरी उपाय आहे. बाकीच्या दोन अडचणींचं मूळ मात्र टीव्हीच्या आत असतं.

आधी अक्षरांचं पाहू. ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची साधारण साडेत्रेपन्न सेंटिमीटर असते. टीव्ही ‘फोर के’ असला तरी ब्राउझरचं पान बहुधा १०८० ओळींच्या हिशेबानेच मांडलं जातं. म्हणजे एक ओळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. संकेतस्थळांवर मजकुराचा नेहमीचा आकार १६ पिक्सेल असतो. त्या हिशेबाने देवनागरी अक्षर पडद्यावर सुमारे चार मिलिमीटर उंच उमटतं. सोफा तीन मीटरवर असेल, तर फोन ३० सेंटिमीटरवर धरून ०.४ मिलिमीटरचं अक्षर वाचण्यासारखंच ते झालं. वेलांट्या आणि जोडाक्षरं तिथेच हरवतात. म्हणून ब्राउझरच्या मेनूतलं झूम निदान २०० टक्क्यांवर न्यावं, जमल्यास ३०० टक्क्यांवर. खुर्ची दीड मीटरवर ओढली तरी अक्षर दुप्पट मोठं भासतं. झूम वाढवल्यावर ओळी पडद्याबाहेर जाऊ लागल्या, तर खुर्ची पुढे घेणंच बरं.

आता कोऱ्या पानाकडे वळू. ब्राउझरच्या आत पान वाचून मांडणारं एक इंजिन असतं. फोनवरच्या क्रोममध्ये ते दर काही आठवड्यांनी नवं होतं. टीव्हीतलं इंजिन मात्र बहुधा टीव्हीच्या मूळ सॉफ्टवेअरला बांधलेलं असतं आणि कारखान्यातून आलं तसंच वर्षानुवर्षं राहतं. एलजीच्या २०१८ सालच्या ‘वेबओएस ४’ टीव्हींचं उदाहरण घेऊ. त्यांच्या ब्राउझरमध्ये क्रोमियमची ५३वी आवृत्ती आहे, आणि ती २०१६ची. म्हणजे टीव्ही नवाकोरा असतानाच त्याचं इंजिन दोन वर्षं जुनं होतं. सॅमसंगच्या २०१८च्या टीव्हींमध्येही ५६वी आवृत्ती होती.

याचा परिणाम पानावर दिसतो. बातम्यांचे चौकोन शेजारी शेजारी मांडण्यासाठी आज ‘ग्रिड’ नावाची पद्धत सर्रास वापरतात. क्रोममध्ये ती २०१७ साली, ५७व्या आवृत्तीत आली. ५३व्या आवृत्तीला ती कळतच नाही. मग संकेतस्थळाने जुन्या ब्राउझरसाठी वेगळी सोय केली नसेल, तर सगळे चौकोन एकाखाली एक लांबच लांब पसरतात. मजकूर असतो, फक्त मांडणी मोडलेली असते.

जावास्क्रिप्टची गोष्ट याहून कठोर आहे. त्या भाषेत `?.` हे चिन्ह क्रोमच्या ८०व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२०पासून चालतं. जुन्या इंजिनाला ते दिसलं की त्या फाइलमधली एकही ओळ ते चालवत नाही. बातमीचा मजकूर त्याच फाइलमार्फत येत असेल, तर वरची पट्टी दिसते आणि खाली पांढरा पडदा उरतो. अशा वेळी इंटरनेटचा वेग वाढवून किंवा टीव्ही बंद-चालू करून काही साधत नाही.

मग दोष नेमका कुठे, हे कसं ओळखायचं? टीव्हीच्या ब्राउझरमध्ये `whatismybrowser.com` उघडावं आणि तिथल्या ओळीत `Chrome/` नंतरचा आकडा पाहावा. तो ८०च्या खाली असेल आणि पान पुन्हा पुन्हा कोरं राहत असेल, तर संशय इंजिनावरच घ्यावा. पान थोडा वेळ नीट चालून जाहिराती आणि व्हिडिओ येताच आपोआप बंद होत असेल, तर टीव्हीची मेमरी अपुरी पडते आहे असं समजावं. अशा वेळी बाकीचे टॅब बंद केल्याने फरक पडतो. ‘जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना आली, तर आधी टीव्हीची तारीख तपासावी. तारीख चुकली की चांगल्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्रही अवैध ठरतं. तारीख बरोबर असूनही सूचना येत असेल, तर टीव्हीतली प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असू शकते. तिथे पासवर्ड टाकू नये.

टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट उपलब्ध असेल, तर ते जरूर करावं. मात्र त्याने इंजिनाचा आकडा बदलला का, हे त्याच पानावर पुन्हा पाहावं. बदलला नसेल, तर फोनचा पडदा टीव्हीवर दाखवावा किंवा लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडावा. तेव्हा पान उघडण्याचं काम नवं इंजिन करतं आणि टीव्ही फक्त दाखवतो. झूम आणि खुर्चीचा हिशेब मात्र तेव्हाही सांभाळावा लागतो.