पाचचा पुडा पाचलाच

दोन-तीन वर्षांपूर्वी वाण्याच्या दुकानात एकाच बिस्किटाचे दोन पुडे हातात आले. मागे राहिलेला जुना माल पुढे ओढताना त्यानेच दोन्ही गल्ल्यावर ठेवले होते. चित्र तेच, रंग तोच, किंमत पाच रुपये. पण एकावर निव्वळ वजन ६५ ग्रॅम आणि दुसऱ्यावर ६० ग्रॅम छापलेलं होतं. पॅकिंगची तारीख पाहिली तर ६० ग्रॅमवाला दोन महिन्यांनी नवा निघाला. वाण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, पाचचा पुडा पाचलाच मिळतोय ना, मग झालं तर!"

सगळी मेख त्या 'पाचचा पुडा' या शब्दांत आहे. आपण बिस्किट ग्रॅमवर मागत नाही, रुपयांवर मागतो. पाचचा पुडा, दहाची शेव, वीसचा साबण. लहान पोराच्या हातात नाणं देऊन पाठवायचं असतं आणि दुकानदाराला सुट्ट्याची कटकट नको असते. त्यामुळे कंपन्यांना हे आकडे हलवता येत नाहीत. पाचचा पुडा साडेपाचला केला, तर गिऱ्हाईक शेजारच्या बरणीकडे वळतं. मैदा, साखर, पामतेल महागलं की किंमत जिथल्या तिथे ठेवून वजन खाली आणलं जातं. धंद्यातली माणसं याला 'ग्रॅमेज कमी करणं' म्हणतात. अर्थशास्त्राच्या बातम्यांत याचंच नाव श्रिंकफ्लेशन.

यात दुहेरी फायदा आहे. किंमत वाढली की ती लगेच डोळ्यांत भरते, वजन घटलेलं मात्र लक्षात येत नाही, कारण पुड्याचा दर्शनी भाग तेवढाच राहतो. बिस्किट किंचित पातळ होतं किंवा चवडीतलं एक कमी होतं. साबणाच्या वडीला कडेने खोलगट आकार येतो आणि जाहिरातीत त्याला 'हातात छान बसणारी' म्हणतात. बाटलीचा तळ आत ढकलला जातो. लांबी-रुंदीकडे आपली नजर जाते, जाडीकडे सहसा जात नाही.

दुसरी गोष्ट गणिताची आहे. वजन जेवढे टक्के घटतं, त्यापेक्षा भाव जास्त टक्क्यांनी वाढतो. २०२२मध्ये एका नामवंत ब्रँडच्या दहा रुपयांच्या आलू भुजियाचं वजन ५५ ग्रॅमवरून ४२ ग्रॅमवर आल्याच्या बातम्या होत्या. वजन घटलं साधारण २४ टक्के. आता किलोचा भाव काढा. आधी तो सुमारे १८२ रुपये पडत होता, नंतर २३८ झाला. म्हणजे ३१ टक्क्यांची वाढ. हीच वाढ छापील किमतीत केली असती, तर पाकीट तेरा रुपयांचं झालं असतं आणि गल्लोगल्ली बोंब झाली असती.

हे बेकायदा आहे का? नाही. पुड्यावर ६० ग्रॅम लिहून आत ५० भरले, तर तो गुन्हा आहे आणि त्याची तक्रार वैधमापन खात्याकडे करता येते. पण ६० लिहून ६०च भरले, तर कायद्याची हरकत नाही. वजन कमी केल्याचं जाहीर करण्याची सक्ती आपल्याकडे नाही. फ्रान्समध्ये जुलै २०२४पासून मोठ्या दुकानांना अशा मालाशेजारी तशी पाटी दोन महिने लावावी लागते.

आपल्याकडे पूर्वी एक बांध होता. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११च्या नियमांत बिस्किटं, चहा, खाद्यतेल, साबण अशा मोजक्या वस्तूंसाठी ठरावीक वजनाचे पॅक नेमून दिलेले होते. नोव्हेंबर २०२१च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली आणि तिच्या जागी पाकिटावर एकक किंमत छापण्याचं बंधन आलं. एक किलोपेक्षा कमी मालावर दर ग्रॅमची किंमत आणि जास्त मालावर दर किलोची. कल्पना चांगली आहे. पाकीट कितीही वेडंवाकडं असो, दर ग्रॅमचा भाव पाहिला की तुलना होते.

ठरावीक वजन गेल्याचा परिणाम तेलाच्या पिशव्यांत स्पष्ट दिसतो. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता बाजारात ८५० ग्रॅमच्या पिशव्याही मिळतात आणि त्या दिसायला लिटरच्या पिशवीसारख्याच असतात. फरक ६० ग्रॅमचा, म्हणजे चार-पाच फोडण्यांचं तेल. दोन पिशव्यांच्या किमती शेजारी ठेवून 'ही स्वस्त' म्हणण्याआधी आकड्यापुढे ग्रॅम आहे की मिलिलिटर, हे बघायला हवं.

आता माझ्या त्या दोन पुड्यांकडे परत येऊ. दोन्हींवर एकक किंमत छापलेली होती आणि दोन्हींवर ती सारखीच होती, ग्रॅमला ०.०८ रुपये! आधी मला छपाईची चूक वाटली. मग पाचला ६५ने भागलं, तेव्हा ०.०७७ आले. ६०ने भागलं, तर ०.०८३. नियमाप्रमाणे हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करायचा असतो, म्हणून दोन्हींचे ०.०८च झाले. कंपनीने काहीच खोटं छापलं नव्हतं. हिशोब पुढे नेला तर ६६ ग्रॅमपासून ५९ ग्रॅमपर्यंत कुठल्याही पाच रुपयांच्या पुड्यावर ०.०८च येतात. सात ग्रॅम गेले तरी आकडा हलत नाही. म्हणजे गरिबाघरचं लेकरू जो पुडा सर्वांत जास्त घेतं, नेमका त्यावरच हा उपाय आंधळा ठरतो.

म्हणून लहान पाकिटांवरच्या एकक किमतीवर मी विसंबत नाही. किमतीला शंभराने गुणून वजनाने भागतो, की शंभर ग्रॅमचा भाव मिळतो. पाचच्या पुड्यासाठी ५०० भागिले वजन. त्या दोन पुड्यांचा भाव ७.६९ आणि ८.३३ निघाला. नेहमी घेतो त्या पाच-सहा वस्तूंची रिकामी वेष्टनं मी खणात ठेवतो आणि अधूनमधून नव्याशी ताडून पाहतो. घरात या उद्योगाची थट्टा होते, ती सोसतो. वेष्टनाचं चित्र बदललं किंवा कोपऱ्यात 'नवा पॅक' झळकला, की ताडून बघायची वेळ आली असं समजावं. 'जास्त मिळवा' लिहिलेलं दिसलं, तर ते कशाच्या तुलनेत जास्त, हेही शोधावं. बऱ्याचदा ती तुलना सोयीच्या दुसऱ्याच पॅकशी असते.

हिशोब उलट दिशेनेही करता येतो. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे पाचच्या पुड्याची किंमत ४ रुपये ४५ पैसे व्हायला हवी किंवा पाच रुपयेच ठेवायचे असतील तर ६० ग्रॅमचा पुडा ६७ ग्रॅमच्या आसपास जायला हवा. तुमच्या घरातल्या पुड्यावर करकपातीआधी किती ग्रॅम होते आणि आज किती आहेत, हे जुनं वेष्टन असेल तर मिनिटात कळेल.

सरकारला नवा कायदा करण्याचीही गरज नाही. लहान पाकिटांवर ग्रॅमऐवजी शंभर ग्रॅमचा भाव छापायला लावा. मग ०.०८च्या जागी ७.६९ आणि ८.३३ दिसतील आणि वाण्याकडचं गिऱ्हाईक स्वतःच विचारेल, हे कधी वाढलं?