अतिजुळणी, व्यवहारनियमांची

अतिजुळणी, व्यवहारनियमांची : बाजारातील खरेदी-विक्रीसाठी ठरविलेला नियमसंच मागील भावांशी प्रमाणाबाहेर जुळविला गेल्यामुळे पुढील काळात निरुपयोगी ठरणे, या दोषास ‘अतिजुळणी’ असे म्हणतात. नियमात ज्या संख्या व्यवहार करणाऱ्याने निवडावयाच्या असतात त्यांना ‘प्राचले’ म्हणतात, उदा., चल सरासरी किती दिवसांची घ्यावी, किंवा किती टक्के तोटा झाल्यावर व्यवहार सोडावा. मागील भावांवर अनेक मूल्ये लावून पाहून त्यांतील सर्वाधिक नफ्याचे मूल्य निवडणे याला ‘प्राचलांचे इष्टतमीकरण’ म्हणतात. भावांच्या कोणत्याही नोंदीत दोन अंश मिसळलेले असतात : एक, पुन्हा घडण्याजोगा कल आणि दुसरा, त्या त्या वेळच्या आकस्मिक घटनांचा परिणाम. इष्टतमीकरणाला हे दोन अंश वेगळे ओळखता येत नाहीत. प्राचले जितकी अधिक तितका दुसरा अंश नियमात अधिक शिरतो.

हळदीच्या व्यवहाराचे उदाहरण : सांगली ही हळदीची जुनी बाजारपेठ आहे. नजीकच्या हरिपूर येथील जमिनीखालील पेवांत हळद साठविण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. सांगलीतील स्पायसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंजमध्ये हळदीचे वायदे होत असत. २००४ पासून हळदीचे वायदे राष्ट्रीय पातळीवरील बाजारातही होऊ लागले. अशा मालासाठी एखाद्याने पुढील नियम ठरविला असे समजू : भावाची लघुमुदतीची चल सरासरी दीर्घमुदतीच्या चल सरासरीच्या वर गेली की खरेदी करावी आणि खाली आली की विक्री करावी.

लघुमुदतीसाठी ५ ते ५० दिवसांपर्यंत पाच-पाच दिवसांच्या अंतराने १० मूल्ये व दीर्घमुदतीसाठी ६० ते २०० दिवसांपर्यंत वीस-वीस दिवसांच्या अंतराने ८ मूल्ये घेतली, तर ८० जोड्या होतात. त्यात स्टॉपलॉसची ६ मूल्ये मिळविली की ४८० संयोग होतात. ‘अमुक महिन्यापासूनच खरेदी करावी’ अशी बारा पर्यायांची अट घातली की ही संख्या ५,७६० होते, आणि उलाढालीच्या मर्यादेची ५ मूल्ये तपासली की २८,८०० होते. नियम अवघे चार-पाच दिसतात. परंतु निवड मात्र २८,८०० उमेदवारांतून झालेली असते. अंतिम कोष्टकात एकच नफ्याचा आकडा उरतो आणि मागे पडलेल्या उमेदवारांची नोंद बहुधा राहत नाही. फसगत येथेच होते.

निवडीमुळे निर्माण होणारा आभासी नफा : वरील फसगतीचे परिमाण काढता येते. ज्यांच्यात काहीही गुण नाही, म्हणजे ज्यांचा खरा सरासरी नफा शून्य आहे, असे नियम घेऊ. प्रत्येकाच्या वार्षिक नफ्या-तोट्याचे प्रमाण विचलन २० टक्के आहे आणि नोंदी २० वर्षांच्या आहेत, असे मानू. मग वीस वर्षांच्या सरासरीतील प्रमाण त्रुटी २० भागिले २० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.५ टक्के येते. एकच नियम तपासला तर त्याचा नफा शून्याच्या आसपास असणे अपेक्षित आहे. परस्परांशी संबंध नसलेले असे १० नियम तपासून त्यांतील सर्वोत्तम निवडला, तर त्याचा अपेक्षित आभासी नफा प्रमाण त्रुटीच्या सुमारे १.५ पट, म्हणजे वर्षाला ७ टक्क्यांच्या जवळपास दिसतो. १०० नियमांतील सर्वोत्तम सुमारे ११ टक्के आणि १,००० नियमांतील सर्वोत्तम सुमारे १४.५ टक्के नफा दाखवितो. हा सर्व नफा केवळ निवडीतून आलेला असतो. पुढील वर्षी त्याची अपेक्षा पुन्हा शून्यच असते. प्रत्यक्षात ४० व ४५ दिवसांच्या सरासऱ्या एकमेकींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या असल्यामुळे ८० जोड्या म्हणजे ८० स्वतंत्र नियम नव्हेत व आभासी नफा काहीसा कमी असतो. तथापि वेगळ्या स्वरूपाची प्रत्येक नवी अट ही स्वतंत्र संधींची संख्या झपाट्याने वाढविते.

नोंदींची खरी संख्या : वीस वर्षांचे दैनिक भाव म्हणजे सुमारे पाच हजार नोंदी, एवढ्या सामग्रीला दहा प्राचले सहज पेलतील, असे वाटते. परंतु हळदीचे पीक वर्षातून एकदाच येते. लागवड साधारणतः मे-जूनमध्ये होते व काढणीनंतरची मोठी आवक उन्हाळ्यापर्यंत चालते. त्या हंगामातील तुटवडा किंवा विपुलता महिनोन्महिने भावांवर छाया धरून असते. त्यामुळे हंगामाशी निगडित नियमाच्या दृष्टीने स्वतंत्र नोंदी पाच हजार नसून केवळ वीस असतात. त्यांतही २०१० व २०२३ यांसारखी तीव्र तेजीची वर्षे एकूण नफ्याचा मोठा भाग व्यापू शकतात. अशी एक-दोन वर्षे वगळताच नफा नाहीसा झाला, तर नियमाने कल ओळखला नसून ती वर्षे पाठ केली आहेत, असे समजावे.

सयुक्तिक वाटणारी अट अधिक फसवी असते. कृष्णा नदी महाबळेश्वर येथे उगम पावते व सांगलीवरून वाहते. यावरून ‘महाबळेश्वर येथे जूनमध्ये अमुक मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला तरच हळद खरेदी करावी’ अशी अट कोणी सुचवील. वीस हंगामांत असे चारच हंगाम सापडले आणि चारही वेळा भाव चढले, तर ती अट अचूक भासेल. मात्र भाव चढणे व उतरणे समसंभाव्य धरल्यास चारही वेळा ते चढण्याची संभाव्यता १६ त १ असते. परस्परांशी संबंध नसलेल्या अशा १६ निरर्थक अटी तपासल्या, तर त्यांपैकी निदान एक अचूक ठरण्याची संभाव्यता सुमारे ६४ टक्के येते. शिवाय हळदीचा भाव केवळ सांगलीच्या परिसरात ठरत नाही. हिंगोली, नांदेड, निजामाबाद व इरोड येथील पीक आणि आधीचा शिल्लक साठा हेही त्यास कारण असतात. म्हणजे कार्यकारणाचा दुवा वाटतो त्यापेक्षा पुष्कळच दुर्बल असतो.

मॉन्सूनच्या पूर्वानुमानाचा अनुभव : या प्रश्नाची सार्वजनिक नोंद असलेली कसोटी महाराष्ट्रातच झाली आहे. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले, १६ घटकांवर आधारलेले घातीय समाश्रयण प्रतिमान भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९८८ पासून वापरात आणले. देशाच्या नैर्ऋत्य मॉन्सूनचा एकूण पाऊस हा वर्षाला एकच आकडा असतो. त्यामुळे काही दशकांच्या मोजक्या नोंदींवर सोळा घटकांचे गुणक व घातांक ठरवावे लागले. प्रारंभीची वर्षे प्रतिमानास अनुकूल गेली. मात्र १९८९ ते २००१ या काळात देशव्यापी अवर्षण एकदाही आले नाही. अशा काळात दरवर्षी ‘सामान्य पाऊस’ एवढेच सांगणाराही बहुधा खरा ठरला असता. काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध क्षीण झाल्यामुळे २००० मध्ये चार घटक बदलावे लागले. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे अनुमान असताना प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला. त्यानंतर २००३ मध्ये आठ व दहा घटकांची प्रतिमाने आली. २००४ मध्येही १०० टक्क्यांच्या अनुमानाऐवजी सुमारे ८७ टक्केच पाऊस झाला. २००७ पासून एप्रिलमध्ये पाच व जूनमध्ये सहा घटक घेऊन अनेक लहान प्रतिमानांच्या निष्कर्षांची सरासरी काढण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

२००२ च्या अपयशाचे खापर केवळ घटकसंख्येवर फोडता येत नाही. त्या वर्षीचा जुलैमधील असाधारण खंड अन्य पद्धतींनाही ओळखता आला नव्हता. तरी यातून व्यवहारनियमांना लागू पडणाऱ्या तीन गोष्टी दिसतात : जुळणीची अचूकता म्हणजे पूर्वानुमानाची अचूकता नव्हे, निवडलेले संबंध कालांतराने सैल होतात, आणि अनुकूल काळातील यश हा कसोटीचा पुरावा ठरत नाही.

दोष ओळखण्याच्या कसोट्या : पहिली कसोटी शेजारच्या मूल्यांची आहे. २० व १०० दिवसांच्या जोडीला उत्तम नफा दिसत असेल, तर १५ व १०० किंवा २५ व १२० या जोड्यांनाही जवळपास तसाच नफा मिळाला पाहिजे. नफ्याचा आलेख सपाट पठारासारखा असल्यास नियमाला काही आधार आहे असे मानता येते. भोवती तोटा आणि मध्ये एकच सुळका असल्यास तो योगायोग समजावा. दुसरी कसोटी राखून ठेवलेल्या नोंदींची आहे. वीसपैकी पहिल्या बारा वर्षांवर प्राचले ठरवावीत व उरलेल्या आठ वर्षांवर नियम एकदाच तपासावा. निकाल नापसंत पडला म्हणून प्राचले बदलून त्याच आठ वर्षांवर पुन्हा तपासणी केली, तर ती वर्षेही निवडीत सामील होतात व कसोटी निष्फळ ठरते. तिसरी कसोटी वजाबाकीची आहे. एकेक अट काढून पाहावी. काढल्याने राखीव वर्षांतील निकाल फारसा बिघडत नसेल, तर ती अट अनावश्यक असते.

नियमसंख्या मर्यादित ठेवण्याची रीत : प्रत्येक अट भावांकडे पाहण्यापूर्वी कारणासह लिहून ठेवावी. मूल्ये बारीक शोधून न काढता ढोबळ घ्यावीत. ४७ दिवसांना ५० दिवसांपेक्षा वेगळे महत्त्व असण्याचे कारण सहसा सांगता येत नाही. शक्य तेथे दोन प्राचलांना एकात बांधावे, उदा., दीर्घमुदत ही नेहमी लघुमुदतीच्या पाचपट धरली, तर ८० जोड्यांऐवजी १० च पर्याय उरतात. तोच नियम मूल्ये न बदलता जिरे, धणे यांसारख्या अन्य मालांवर लावून पाहावा. हळदीवरच चालणारा नियम संशयास्पद असतो. सर्वोत्तम एक मूल्य निवडण्याऐवजी पठारावरील तीन-चार मूल्यांत भांडवल विभागल्यास निवडीतील चूक विभागली जाते. दलाली, भावांतील फरक व साठवणुकीचा खर्च आरंभीच वजा करावा. तपासलेल्या सर्व संयोगांची संख्या नोंदवून ठेवावी, कारण तिच्यावाचून अंतिम आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

मर्यादा : नियम कमी असणे हे स्वतः गुणाचे प्रमाण नव्हे. अतिसाध्या नियमात खरा कलही निसटू शकतो, आणि हजार नियमांतून निवडलेला एकच साधा नियम हाही अतिजुळणीचाच नमुना असतो. तसेच साठ्यावरील मर्यादा, निर्यातीची मागणी किंवा वायद्यांचे नियम बदलल्यास प्रामाणिकपणे तपासलेला नियमही कोलमडतो. मोजक्या प्राचलांचा नियम मागील नोंदींवर नेहमीच कमी आकर्षक दिसतो. मात्र त्याच्या मागील आणि पुढील निकालांतील तफावत लहान राहते, आणि किती भांडवल धोक्यात घालावे हे ठरविण्यास तोच आकडा उपयोगी पडतो.