पैसे भरले, तरी लेट फी का?

समजा, कार्डाच्या बिलाची शेवटची तारीख १२ आहे. तुम्ही १२ तारखेलाच रात्री पावणेदहाला पूर्ण रक्कम भरली, पण बँकेची त्या दिवसाची वेळ आठलाच संपली होती. पैसे १५ तारखेला कार्डावर जमा दिसले. पुढच्या बिलात ५०० रुपये लेट फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९० रुपये.

इथे बिलावरची शेवटची तारीख आणि जमा झाल्याची तारीख शेजारी ठेवून दिवस मोजा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार खाते तीन दिवसांपेक्षा जास्त थकले तरच लेट फी लावता येते. १३, १४, १५ हे तीनच दिवस झाले. म्हणजे जमेची तारीख धरली तरी ही फी चुकीची आहे, आणि जीएसटीसह ५९० रुपये परत मागायला हवेत. जमा १६ तारखेला झाली असती, तर मात्र पैसे भरल्याची वेळ आणि बँकेच्या अटींत छापलेली वेळ यांवर वाद घालावा लागला असता.

व्याजाची ओळ वेगळी तपासा, कारण ही तीन दिवसांची सवलत व्याजाला लागू नाही.

तक्रार लेखी करा, सोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.