चौकशीचा फॉर्म अर्ध्यावर का सुटतो?

घराचं नूतनीकरण करणाऱ्या कंत्राटदाराकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा कुठल्यातरी त्रासामुळे आलेलं असतं. बाथरूमची गळती खालच्या मजल्यापर्यंत पोहोचलेली असते, शेजारी रोज दार वाजवत असतात. असा माणूस रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाईलवर कंत्राटदार शोधतो, चौकशीचा फॉर्म उघडतो आणि बऱ्याचदा तो अर्धवट सोडून देतो.

समजा, ठाण्यातला एक कंत्राटदार जुन्या सोसायट्यांमधली बाथरूम नव्याने करून देतो. त्याच्या फॉर्ममध्ये पूर्ण नाव, ईमेल, मोबाईल, पत्ता, कार्पेट एरिया, कामाचं वर्णन, बजेट, सुरुवातीची तारीख, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ आणि फोटो असे दहा रकाने आहेत. सगळे सक्तीचे, आणि खाली ‘सबमिट’ असं बटण.

प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारावा: याचं उत्तर मिळाल्याशिवाय मला पहिला फोन करता येणार नाही का? कार्पेट एरियाचा बाथरूमच्या कामाशी फारसा संबंध नाही, आणि बाथरूमचं माप तर जागेवर जाऊन टेपनेच घ्यायचं असतं. पूर्ण पत्ताही भेट ठरल्यावरच लागतो, तोवर परिसर किंवा पिनकोड कळला तरी पुरे. फोन करायचाच असेल तर ईमेलची गरज नाही. ‘कुठून कळलं’ हा प्रश्न कंत्राटदाराच्या सोयीचा आहे, तो फोनवर सहज विचारता येतो. फोटो उपयोगी खरे, पण सक्तीचे केले तर त्या क्षणी बाथरूममध्ये जाऊन फोटो काढायला कोण उठणार? ते फॉर्म आल्यावर व्हॉट्सॲपवर मागावेत.

बजेटवर जरा थांबायला हवं. आकडा सांगितला की तेवढंच बिल होणार, ही भीती रास्त आहे. शिवाय अनेकांना खर्चाचा अंदाजच नसतो, त्यासाठीच तर ते चौकशी करत असतात. बजेट विचारायचंच असेल तर तीन-चार टप्पे द्यावेत आणि ‘अजून ठरलेलं नाही’ हाही पर्याय ठेवावा.

मात्र रकाने नुसते छाटत जाणं बरोबर नाही. नाव आणि नंबर एवढंच ठेवलं, तर एक नळ बदलून हवा असलेला आणि अख्खा फ्लॅट पाडून नव्याने करायचा असलेला, दोघांच्या चौकश्या सारख्याच दिसतील. म्हणून या कंत्राटदाराने उलट दोन प्रश्न वाढवावेत, असं माझं मत आहे. पहिला, ‘खालच्या घरात गळती आहे का?’ वॉटरप्रूफिंगची शक्यता आणि कामाची निकड त्यावरून लगेच कळते. दुसरा, ‘फोन कधी करू?’ नोकरी करणाऱ्या माणसाला भलत्या वेळी फोन केला तर तो उचलला जात नाही आणि चौकशी वाया जाते. दोन्हींची उत्तरं एका टिचकीत देता येतील अशी ठेवावीत.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी काम, गळती, परिसर आणि फोनची वेळ, शेवटी नाव आणि मोबाईल. लोक सर्वात जास्त अडखळतात ते नंबरपाशी, कारण जाहिरातींच्या फोनांना सगळेच विटले आहेत. त्या रकान्याखाली ‘याच कामासाठी फोन करू, नंबर दुसऱ्या कुणाला देणार नाही’ असं लिहावं, आणि ते पाळावं.

इथे एक तांत्रिक चूक वारंवार दिसते. नंबर दहाच आकडी असावा म्हणून रकान्याची लांबी दहावर बांधून टाकतात. फोनने आपोआप `+91` सकट नंबर भरला किंवा कुणी तसा चिकटवला, की शेवटचे आकडे कापले जाऊ शकतात. मग नंबर चुकीचा म्हणून फॉर्म अडतो. त्यापेक्षा रकाना असा मोकळा ठेवावा:

```html
<label for="mob">मोबाईल नंबर</label>
<input id="mob" name="mob" type="tel" autocomplete="tel" required>
```

`type="tel"` मुळे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. `+91`, सुरुवातीचं शून्य, मधल्या मोकळ्या जागा हे सगळं नंतर सर्व्हरवर साफ करता येतं.

आता बटण. जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचा किस्सा लिहिला. खरेदीच्या वाटेवरचं ‘रजिस्टर’ हे बटण काढून तिथे ‘कंटिन्यू’ ठेवलं आणि खातं उघडण्याची गरज नाही, असं एक वाक्य जोडलं. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. हा आकडा आपल्या फॉर्मला लागू होईलच असं नाही, पण कारण तेच आहे: बटण दाबल्यावर आपल्या गळ्यात काय पडणार, हे लोक आधी पाहतात. ‘सबमिट’मधून ते कळत नाही. ‘कोटेशन मिळवा’ मोहक वाटतं, पण जागा न पाहता कोटेशन देता येत नसेल तर ते खोटं ठरतं. या कंत्राटदारासाठी ‘मला फोन करा’ हे शब्द योग्य. खाली बारीक अक्षरात लिहावं: ‘तुम्ही निवडलेल्या वेळी फोन येईल. जागा पाहायला पैसे नाहीत.’ पाहणीचे पैसे घेत असाल, तर तो आकडा तिथेच लिहा.

बदल केल्यावर फॉर्म किती जणांनी सुरू केला, किती जणांनी पुरा केला आणि बाकीचे कुठल्या रकान्यापाशी थांबले, हे पाहावं. पण त्याच्याच शेजारी, त्यातल्या किती चौकश्यांतून जागेवरची भेट ठरली, हेही लिहून ठेवावं. फॉर्म वाढले आणि भेटी तेवढ्याच राहिल्या, तर तुम्ही एखादा गरजेचा प्रश्न काढून टाकला आहे. तो परत घाला.